निष्ठावान सोबत्याचं कॅरेक्टर बायबल कसं लिहायचं: मैत्रीचा प्रवास असलेल्या रोल-प्लेइंग गेमसाठी

पात्र कसं वागतं, कसं बोलतं आणि कसं बदलतं हे अख्ख्या टीमला सांगणारा दस्तऐवज म्हणजे कॅरेक्टर बायबल. सोबत्याचं बायबल म्हणून जी कागदपत्रं माझ्याकडे वाचायला येतात, त्यातल्या बहुतेकांची पहिली पाच-सहा पानं बालपणात जातात. गाव, आईवडील, लहानपणीचा आघात, आवडता रंग. त्यानंतर एक ओळ असते: 'तो नायकाशी अत्यंत एकनिष्ठ आहे आणि हळूहळू त्यांची घट्ट मैत्री होते.' खरं काम त्या एका ओळीत आहे आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं. मग गेममध्ये हा सोबती पहिल्या तासात जसा बोलतो तसाच दहाव्या तासातही बोलतो. मैत्री झाल्याचं खेळाडूला फक्त मेनूमधल्या भरलेल्या पट्टीवरून कळतं.

मुळात घोळ असा आहे की निष्ठा आणि मैत्री एकच धरली जाते. निष्ठा पहिल्या दृश्यापासून असू शकते, ती ठेवायला समोरच्या माणसाची ओळखही लागत नाही. मैत्रीला ओळख लागते. निष्ठावान माणूस हुकूम मानतो. मित्र झालेला माणूस वेळ आली की नाही म्हणतो, का विचारतो, स्वतःहून काही मागतो. म्हणून निष्ठावान सोबत्याच्या मैत्रीचा प्रवास म्हणजे निष्ठा वाढत जाणं नव्हे. चाकरीच्या नात्यातून बरोबरीच्या नात्यात येणं, हा तो प्रवास. हे एकदा पक्कं धरलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप लागतो.

सगळ्या पायऱ्या एकाच पात्रावर दाखवतो. पात्र मी या लेखासाठीच रचलंय. काळ १७६१च्या पावसाळ्यानंतरचा. त्याच वर्षी १४ जानेवारीला पानिपत झालेलं आहे, आणि गेलेल्यांपैकी कोण जिवंत आणि कोण नाही हे घराघरांत अजून कळलेलं नाही. खेळाडू तरुण जासूद आहे, पुण्याहून उत्तरेकडे पत्रं पोचवतो. त्याचा सोबती भिवा, चाळिशीचा मशालजी.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

बायबल कोण उघडणार, त्यांची यादी करा. छोट्या टीममध्येही चार जण ते उघडतात. व्हॉइस ॲक्टरला हवं असतं की हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचं. प्रोग्रामरला हवं असतं की हे वाक्य केव्हा वाजायचं आणि केव्हा नाही. ॲनिमेटरला हवं असतं की पात्र कुठे उभं राहतं, हातांचं काय करतं. टेस्टर विचारतो, हे असं होतंय, ही चूक आहे की मुद्दाम आहे? बायबलमधली जी ओळ या चौघांपैकी कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देत नाही, ती काढून टाका.

वाक्यांचं बजेट ठरवून घ्या. भिवासाठी मी ९०० वाक्यं धरली आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त चालता-चालता टाकायची छोटी वाक्यं आहेत, म्हणजे आपण ज्यांना बार्क म्हणतो ती. उरलेली मुक्कामावरचे संवाद आणि मोठी दृश्यं यांच्यात वाटली जातील. हा आकडा आधी माहीत नसला की लेखक मैत्रीचे नऊ टप्पे आखतो आणि शेवटच्या पाच टप्प्यांच्या वाट्याला प्रत्येकी दहा वाक्यं येतात.

चालू गेम डिझाइन समोर ठेवा. खेळाडू प्रसंगांचा क्रम बदलू शकतो का? सोबत्याला मागे ठेवून जाता येतं का? सोबती मरू शकतो का? खेळाडूचं पात्र स्त्री की पुरुष हे निवडता येतं का? ही उत्तरं मिळाल्याशिवाय पहिलं पानही लिहू नका. शेवटच्या प्रश्नाचा मराठीत फार मोठा परिणाम होतो, तो पाचव्या पायरीत येईल.

## पायरी १: आधी काम, मग माणूस

पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: हा सोबती खेळात प्रत्यक्ष काय करतो. खेळाडू त्याच्याबरोबर जो वेळ घालवणार आहे, त्यातला बहुतांश वेळ तो बोलत नसणार, काम करत असणार. स्वभाव दिसतो तो त्या कामातून.

भिवाचं काम उजेड दाखवणं. रात्री घाटातून जाताना वाट दिसते ती त्याच्या मशालीमुळे. पण उजेड दूरवरून इतरांनाही दिसतो, त्यामुळे मशाल लावणं हा प्रत्येक वेळी निर्णय असतो. बुधलीत करंजाचं तेल मोजकं असतं. मशाल विझली तर चकमक झाडून पुन्हा पेटवायला वेळ जातो आणि तेवढा वेळ खेळाडू अंधारात असतो.

या तीन-चार वाक्यांतूनच मला पात्राच्या सवयी मिळाल्या. भिवा बुधली हलवून, आवाजावरून तेल किती उरलंय ते सांगतो. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांचा आहे. तो पुढे चालतो, कारण मशालजीची जागा पुढेच असते. म्हणूनच सुरुवातीला त्याला खेळाडूचा चेहरा दिसतच नाही. ही शेवटची गोष्ट मी ठरवून बसवलेली नव्हती, कामातूनच निघाली. पुढे मैत्रीचा सगळ्यात मोठा दृश्य बदल तिच्यावरच उभा राहिला.

तपासा: सोबत्याचे सगळे संवाद बंद करून दहा मिनिटांचा खेळ मनात चालवून बघा. तो कोण आहे याचा काहीतरी अंदाज येतो का? येत नसेल तर दुसऱ्या पायरीला जाऊ नका.

## पायरी २: निष्ठा कुणाशी, कशामुळे, कुठपर्यंत

तीन प्रश्न, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यांचं उत्तर. याहून लांबलं तर तुम्ही पुन्हा चरित्राकडे वळलात असं समजा.

*कुणाशी?* इथे उत्तर 'खेळाडूशी' असं असेल तर प्रवासाला जागाच उरत नाही. भिवाची निष्ठा खेळाडूच्या वडिलांशी आहे. ते जुने जासूद, आता थकलेले.

*कशामुळे?* एका वाईट सालात त्यांनी भिवाच्या घरी दाणे पोचवले होते आणि नंतर कधी तो विषयही काढला नाही. त्यांच्या पोराला सुखरूप नेऊन आणण्याचा शब्द भिवाने दिलाय. म्हणजे सुरुवातीला खेळाडू त्याच्यासाठी माणूस नाही, फेडायचं ऋण आहे.

*कुठपर्यंत?* या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बायबलांत नसतंच. 'तो जीवही देईल' ही मर्यादा नव्हे. जीव देणं लेखकाला सोपं जातं, कारण त्यानंतर पात्राला काही करावं लागत नाही. मर्यादा अशी हवी जी नकाशावर किंवा खेळात दाखवता येते. भिवा नर्मदा ओलांडणार नाही. का, ते तो सांगत नाही. खेळाडूचं शेवटचं पत्र नर्मदेपलीकडचं आहे.

बघा, एवढ्यावरच गेमचा शेवट कुठे घडणार ते ठरलं.

सावधान: मर्यादा नुसतं तत्त्व असू नये. 'तो निरपराधांना मारणार नाही' हे वाचायला बरं वाटतं, पण ज्या गेममध्ये निरपराधांना मारायची वेळच येत नाही तिथे ते वाक्य मेलेलं आहे. खेळाडू त्या मर्यादेला प्रत्यक्ष जाऊन धडकलाच पाहिजे.

## पायरी ३: तो काय लपवतो

पूर्वेतिहास आता लिहा, आणि तोही एका पानात. पूर्वेतिहासातली कोणती गोष्ट ठेवायची याची माझी एकच कसोटी आहे: ती गेममध्ये कुठे, कशी बाहेर येणार ते त्याच ओळीत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती तुमच्या वहीत राहू द्या, बायबलमध्ये नको.

भिवा सगळ्यांना सांगतो की तो पानिपताहून परत आला. ते खोटं आहे. तो आणि त्याचा धाकटा भाऊ रामा फौजेबरोबरच्या बुणग्यांत निघाले होते, पण भिवा नर्मदेच्या काठावरून रातोरात मागे फिरला. रामा पुढे गेला. तो आलेला नाही.

आता हे कसं बाहेर येतं ते लिहू. पहिल्यांदा एका मुक्कामावर दुसरा प्रवासी पानिपताचं विचारतो तेव्हा. भिवा उत्तर देतो, पण ते ऐकीव असल्यासारखं, जरा जास्तच नेटकं. दुसऱ्यांदा, तो खेळाडूच्या थैलीतल्या पत्रांवर नावं कुणाची आहेत असं सहज म्हणून विचारतो. त्याला वाचता येत नाही. तिसऱ्यांदा, एक पत्र वाचून दाखव म्हणतो. जासुदाने पत्र फोडायचं नसतं. खेळाडूने वाचलं तर कर्तव्य मोडतं, नाही वाचलं तर भिवा गप्प होतो. एका विनंतीत दोघांचीही निष्ठा पणाला लागते. मला हा प्रसंग सापडला तेव्हाच बायबल उभं राहणार याची खात्री पटली.

नेहमीची चूक: गुपित इतकं भयंकर करायचं की ते कळल्यावर खेळाडूने सोबत्याला टाकून देणंच रास्त ठरावं. मैत्रीच्या प्रवासात गुपित लाजेचं असलेलं बरं. लाज असली की माणूस ते का लपवतो हे न सांगता कळतं.

## पायरी ४: मैत्रीचे टप्पे आखा

बायबलचा गाभा इथे आहे, निम्मा वेळ इथे द्या. टप्पे चारच ठेवा. प्रत्येक टप्प्याखाली तीन गोष्टी लिहा: तो सुरू कशाने होतो, खेळाडूला काय वेगळं *दिसतं*, आणि भिवा अजून काय *बोलत नाही*. तिसरी गोष्ट विसरलात तर पात्र दुसऱ्या टप्प्यातच सगळं ओकून मोकळं होतं आणि उरलेल्या गेममध्ये त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

पहिला टप्पा, चाकरी. सुरुवातीपासून. भिवा पुढे चालतो, मागे वळून बघत नाही. मशाल लाव म्हटलं की लावतो, विझव म्हटलं की विझवतो. समोर धोका दिसला तरी हुकमाची वाट बघतो. स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही.

दुसरा टप्पा, सोबत. खेळाडूने एका रात्री त्याच्यासाठी थांबून उशीर पत्करला, की सुरू. ताप, पायात काटा, काहीही चालेल, पण खेळाडूचं काहीतरी खर्च झालं पाहिजे. आता भिवा चाहूल लागली की न विचारता मशाल खाली करतो आणि मग कारण सांगतो. पानिपताबद्दल मात्र अजून खोटंच बोलतो.

तिसरा टप्पा, भरवसा. पत्राच्या प्रसंगानंतर. इथे सगळ्यात मोठा दृश्य बदल येतो: भिवा पुढे चालायचं सोडून शेजारून चालू लागतो. उजेड दोघांवर पडतो, पुढची वाट थोडी कमी दिसते, पण पहिल्यांदाच दोघांचे चेहरे एका चौकटीत येतात. मुक्कामावर तो मशाल खेळाडूच्या हातात देऊन झोपतो. रामाबद्दल बोलतो. स्वतः कुठून फिरला ते बोलत नाही.

चौथा टप्पा, दोस्ती. नर्मदेच्या काठावर, सगळं खरं सांगितल्यावर. तो पलीकडे जातो की नाही हे महत्त्वाचं नाही. मी दोन्ही शेवट ठेवलेत. महत्त्वाचं हे की पहिल्यांदाच तो खेळाडूला 'नाही' म्हणू शकतो, आणि खेळाडूला ते ऐकून घ्यावं लागतं.

### गुणांची पट्टी की घडलेले प्रसंग

दर चांगल्या उत्तराला पाच गुण, पन्नास झाले की पुढचा टप्पा, हा सोपा आणि सर्वत्र वापरला जाणारा मार्ग आहे. २००९च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये सोबत्यांची मर्जी उणे शंभर ते अधिक शंभर अशी मोजली जात असे आणि भेटवस्तू देऊनही ती वाढवता येत असे. मोठ्या गेममध्ये ही पद्धत चालते, कारण आजूबाजूला प्रसंगच खूप असतात. छोट्या गेममध्ये त्याचा परिणाम असा होतो की खेळाडू भिवाला गुळाचे खडे चारत बसतो आणि एका संध्याकाळी तो अचानक मनातलं बोलू लागतो.

माझा आग्रह आहे की टप्पा बदलायचा तर घडलेल्या प्रसंगानेच. गुण हवेच असतील तर ते फक्त एकाच टप्प्याच्या आतले छोटे फरक दाखवायला ठेवा: सूर जरा मोकळा किंवा जरा तुटक.

तपासा: टप्पा बदलल्याचं मेनू न उघडता कळतं का? चारही टप्प्यांचा एकेक स्क्रीनशॉट कसा दिसेल याचं वर्णन लिहून बघा. दोन स्क्रीनशॉट सारखेच आले तर ते दोन टप्पे नाहीतच, एकच आहे.

## पायरी ५: बोली आणि संबोधन

आपल्या भाषेत मैत्रीचा प्रवास दाखवायचं तयार साधन आहे आणि मराठी गेम लिहिणारेही ते वाया घालवतात. अहो-जाहो आणि अरे-तुरे. भिवा पहिल्या दोन टप्प्यांत खेळाडूला 'धाकले धनी' आणि 'तुम्ही' म्हणतो. तिसऱ्या टप्प्यात, पत्र ऐकून झाल्यावर, त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निघतो. त्यावर कुणी काही बोलत नाही, तो स्वतःही नाही. बायबलमध्ये मी ते वाक्य क्रमांकासह नोंदवून ठेवलंय आणि शेजारी लिहिलंय: *यावर जोर नको. ॲक्टरने हे सहज म्हणायचं.*

तिथे 'लेकरा' घालायचा मोह मला झाला होता. पण त्या एका शब्दाने मैत्रीचं पितृत्व होतं आणि बरोबरी संपते, म्हणून तो काढला.

एक वाक्य घेऊन ते प्रत्येक टप्प्यात कसं येतं ते लिहा. अख्ख्या बायबलमधला हा सगळ्यात उपयोगी तक्ता ठरतो. भिवासाठी मी 'तेल संपत आलंय' हे घेतलं.

- चाकरी: "तेल सरत आलंय, धनी."
- सोबत: "तेल थोडंच ऱ्हायलं. वाट किती हाय अजून?"
- भरवसा: "तेल सरलं बघ. इथंच बस, मी बघतो गावात."
- दोस्ती: "तेल सरलं. ऱ्हाऊ दे. चांदणं हाय."

पहिलं वाक्य नुसती वर्दी आहे. दुसऱ्यात पहिल्यांदा प्रश्न येतो. तिसऱ्यात तो स्वतः निर्णय घेतो. चौथ्यात तो चक्क आपलं काम बाजूला ठेवतो.

### लिंगाचा घोळ आधीच सोडवा

खेळाडूचं पात्र स्त्री किंवा पुरुष निवडता येत असेल तर 'तू' फार महागात पडतो. 'तुम्ही आलात' दोघांनाही चालतं. 'तू आलास' आणि 'तू आलीस' ही दोन वाक्यं होतात, दोनदा लिहायची, दोनदा रेकॉर्ड करायची. म्हणजे मैत्री वाढली की खर्चही वाढतो, आणि बजेट संपतं ते नेमकं शेवटच्या टप्प्यांत.

यावर बायबलमध्येच नियम घालून ठेवा. आज्ञार्थ वापरा: 'बस', 'बघ', 'ऱ्हाऊ दे'. भविष्यकाळ वापरा: 'तू येशील'. भूतकाळ हवाच असेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालणारी रचना घ्या: 'तू पाहिलंस ना?', 'तू पत्र वाचलंस.' ही रूपं दोघांनाही तीच राहतात. जिथे 'आलास/आलीस' टाळताच येत नाही अशा वाक्यांची वेगळी यादी करा आणि ती वीसच्या पुढे जाऊ देऊ नका. शिवाय खेळाडूने टाइप केलेलं नाव भिवा उच्चारू शकत नाही, म्हणून 'धाकले धनी' गेल्यानंतर संबोधनच नको. 'तू' पुरेसं आहे. स्त्री-पात्रासाठी 'धाकले धनी' ऐवजी काय म्हणायचं तेही आजच ठरवा. मी 'धाकल्या धनीण' हे रूप घेतलं, आणि ते संबोधन मोजक्या वाक्यांतच ठेवलं.

### बोलीचे नियम मोजके ठेवा

'हाय', 'न्हाई', 'ऱ्हायलं', 'कुठं', 'सरलं'. भिवाच्या बोलीची मी अशी दहा-बारा रूपं ठरवली आणि त्यांच्याबाहेर जायचं नाही असं लिहून ठेवलं. तीन लेखक काम करत असतील तर प्रत्येकाच्या डोक्यातली गावाकडची बोली वेगळी असते. मग भिवा एका दृश्यात साताऱ्याचा आणि दुसऱ्यात खानदेशचा होतो.

त्याखाली 'हे कधीच म्हणणार नाही' अशी यादी द्या. भिवा 'मिनिट' म्हणत नाही, 'घटका' म्हणतो. 'सॉरी' तर नाहीच, पण 'माफ करा' पण म्हणत नाही. चूक झाली की तो मशालीची चिंधी पुन्हा घट्ट गुंडाळत बसतो. 'मित्र' हा शब्द तो संपूर्ण गेममध्ये एकदाही उच्चारत नाही.

सावधान, बार्कबद्दल: जे वाक्य खेळाडू शंभर वेळा ऐकणार आहे त्यात विनोद नको, सुभाषित नको, गुपिताचा इशारा नको. ते दोन सेकंदांत संपावं. 'तेल सरत आलंय'सारख्या वारंवार येणाऱ्या वाक्याचे प्रत्येक टप्प्यासाठी निदान सहा प्रकार लिहा. माझ्या एका जुन्या कामात सोबत्याचं सगळ्यात हळवं वाक्य बार्कच्या यादीत गेलं होतं. टेस्टिंगच्या दुसऱ्या दिवशी ते ऐकून सगळे वैतागले होते, आणि वाक्यात काहीही खोट नव्हती.

## पायरी ६: कुणाला काय कधी माहीत आहे

आता प्रोग्रामरसाठी लिहायचं. खेळाडू तुमच्या क्रमाने चालत नाही. तो पत्राचा प्रसंग टाळून थेट पुढच्या मुक्कामावर येईल, आणि तिथे भिवा रामाचं नाव असं घेईल जणू खेळाडूला सगळं माहीतच आहे. टेस्टरला सापडणाऱ्या सोबत्याच्या चुकांत ही सगळ्यात जास्त वेळा येते.

उपाय साधा आहे. टप्पा आणि माहिती वेगळी ठेवा. टप्पा हा एक आकडा. प्रत्येक गुपित हा स्वतंत्र फ्लॅग, एकतर कळलंय किंवा नाही. इंक या गेमचे संवाद लिहायच्या स्क्रिप्टिंग भाषेत लिहीत असाल तर एवढंच:

```
VAR tappa = 1
VAR rama_kalala = false
VAR patra_vachla = false

=== mukkam_3 ===
{ patra_vachla && tappa == 2:
    ~ tappa = 3
}
{ rama_kalala:
    भिवा: रामाला थंडी सोसायची न्हाई.
- else:
    भिवा: थंडी वाढली.
}
-> DONE
```

बायबलमध्ये कोड देऊ नका, पण फ्लॅगची नावं कोडमध्ये आहेत तीच द्या. लेखक 'भावाचं गुपित' म्हणतो, कोडमध्ये `rama_kalala` असतं, आणि दोन महिन्यांनी कुणालाच खात्री नसते की दोन्ही एकच आहेत.

वरच्या उदाहरणातली दुसरी ओळ, 'थंडी वाढली', मला पहिल्या ओळीइतकीच जपाविशी वाटते. ज्या खेळाडूला रामाबद्दल कळलेलं नाही त्यालाही एक पूर्ण वाक्य मिळतं. त्याच्या वाट्याला पोकळी येत नाही.

तपासा: प्रत्येक मोठ्या दृश्याच्या वर दोन ओळी आहेत ना? 'खेळाडूला इथपर्यंत काय माहीत असू शकतं' आणि 'भिवाला खेळाडूबद्दल काय माहीत आहे'. दुसरी ओळ हमखास राहते.

## पायरी ७: मैत्री न झाल्यास

काही खेळाडू भिवासाठी कधीच थांबणार नाहीत, पत्र वाचणार नाहीत. त्यांचं काय? इथे घाईत लिहिलं जातं की सोबती रागावून निघून जातो. पण दुसऱ्या पायरीत आपण लिहिलंय की त्याने शब्द दिलाय. निघून गेला तर निष्ठाच खोटी ठरते.

म्हणून भिवा जात नाही. मैत्री झाली नाही तरी तो नर्मदेपर्यंत मशाल धरतो, पुढेच चालतो, कधी मागे वळत नाही. काठावर थांबतो, बुधली खेळाडूच्या हाती देतो. म्हणतो, "तेल भरून ठेवलंय, धनी." बस, एवढंच. निष्ठा पूर्ण आणि मैत्री शून्य. ज्याने एकदा मैत्रीचा शेवट खेळलाय त्याला हा शेवट फार टोचतो, आणि त्याला वेगळं कटसीनही लागत नाही.

मैत्री होऊन मोडली तर? समजा तिसऱ्या टप्प्यानंतर खेळाडूने भिवाचं गुपित चौकीवर स्वतःला सोडवून घेण्यासाठी सांगून टाकलं. मी टप्पा मागे नेत नाही. भिवा शेजारून चालत राहतो, फक्त 'तू' जाऊन पुन्हा 'तुम्ही' येतं. मराठी कानाला हे लगेच कळतं. अरे-तुरे झालेल्या माणसाने अहो-जाहो सुरू केलं की दार बंद झालं. `tappa` तोच, वेगळा फ्लॅग `dukhavla`, आणि त्यासाठी चाळीसेक वाक्यांचा स्वतंत्र संच. यातली बरीचशी वाक्यं पहिल्या टप्प्यातली जशीच्या तशी घेता येतात. तेच वाक्य आता वेगळं ऐकू येतं.

भाषांतराची नोंद: इंग्रजी आवृत्ती होणार असेल तर हा सगळा खेळ तिथे पोचणार नाही, कारण तिथे एकच सर्वनाम आहे. प्रत्येक बदलाच्या जागी भाषांतरकारासाठी लिहून ठेवा की इथे नेमकं काय घडतंय आणि त्याऐवजी काय वापरता येईल. मी 'धनी' या शब्दाचं असणं-नसणं वापरा असं सुचवलंय. हिंदी आवृत्तीत आप आणि तुम चालतं, तू मात्र भिवाच्या वयाच्या माणसाकडून वेगळ्याच अर्थाने ऐकू येऊ शकतं.

## पायरी ८: हातात देण्याआधी

चरित्र एक पान, काम एक पान, टप्पे तीन, बोली दोन, फ्लॅग एक, शेवट एक. नऊ-दहा पानांत बसत नसेल तर जे फुगलंय ते बहुधा चरित्रच असतं.

मग तीन चाचण्या घ्या. पहिली, नावं झाकून: भिवाची आणि इतर दोन पात्रांची दहा-दहा वाक्यं एकत्र करा, नावं काढा आणि टीमबाहेरच्या कुणाला तरी वेगळी करायला द्या. भिवाची निदान आठ ओळखता आली पाहिजेत. दुसरी, टप्पे झाकून: फक्त भिवाची वाक्यं चार गठ्ठ्यांत लावायला सांगा. पहिला आणि दुसरा टप्पा एकमेकांत मिसळले तर पाचव्या पायरीवर परत जा. मिसळतातच बहुधा, पहिल्यांदा माझेही मिसळले होते. दुसऱ्या टप्प्यात प्रश्न कमी पडले होते. तिसरी चाचणी, परक्या हातून: ज्याने बायबल लिहिलं नाही अशा लेखकाला फक्त ते कागद देऊन एक नवा प्रसंग लिहायला सांगा, म्हणजे पावसात मशाल विझते आणि दोघं देवळाच्या ओवरीत अडकतात. टप्पा तिसरा. त्याने तुम्हाला विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे बायबलमधली एक गाळलेली जागा आहे. तोंडी उत्तर देऊ नका, कागदात भरा.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ॲक्टर काही वाक्यं बदलेल आणि त्यातली काही तुमच्यापेक्षा चांगली असतील. बदललेलं वाक्य, तारीख आणि कोणत्या टप्प्यात, एवढं शेवटच्या पानावर त्याच दिवशी नोंदवा. पुढच्या सत्रात ॲक्टरला नवी वाक्यं देण्याआधी ते पान त्याच्यासमोर ठेवा.